'आयला'मधला 'ला' कुठून आला?

'आयला, केवढा पाऊस!' हे वाक्य सीमाभागातल्या कुठल्याही गल्लीत दिवसातून कितीदा तरी कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या मनात राग नसतो, समोर भांडण नसतं, कुणाच्या आईचा विषय तर मुळीच नसतो. तरी शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला जसं पदच्छेद करतो तसं या शब्दाचं केलं, तर एक अडचण समोर येते. आय म्हणजे आई. पुढचा 'ला' हा विभक्तीचा प्रत्यय, द्वितीयेचा किंवा चतुर्थीचा. तो लागला की वाक्यात कुठेतरी क्रियापद असायलाच हवं. आईला बोलवलं, आईला दिलं, आईला सांगितलं. मग 'आयला, केवढा पाऊस' यात आईला काय केलं? क्रियापद कुठे गेलं?

ते गेलं नाही, गाळलं गेलं. आणि मुद्दाम गाळलं गेलं, कारण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. 'आयला' हे एका जबर शिवीचं उरलेलं टोक आहे. जगातल्या बहुतेक भाषांत अशी टोकं सापडतात. इंग्रजी बोलणारा माणूस बोट चेमटलं की 'डार्न' म्हणतो, आश्चर्य वाटलं की 'गॉश' म्हणतो. हे दोन्ही शब्द 'डॅम' आणि 'गॉड' यांची बदललेली रूपं आहेत. अशा शब्दांना या लेखापुरतं मी मवाळ शिवी म्हणतो. मवाळ शिवी म्हणजे नुसता साधा सौम्य शब्द नव्हे. ती मूळ जबर शब्दापासूनच घडवलेली असते, त्याची आठवण करून देते, आणि तरीही तो शब्द उच्चारला असं कुणाला म्हणता येत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच ती मवाळ शिवी.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो घडवण्याचा. जबर शब्द मवाळ करताना प्रत्येक भाषा आपल्या व्याकरणाच्या सोयीने कातर चालवते. इंग्रजीने जे केलं ते मराठीला करावं लागलं नाही, आणि मराठीला जे सहज जमलं ते इंग्रजीला जमणारं नव्हतं. हे का, ते बघण्यासाठी आधी थोडं युरोपात जाऊन यावं लागेल.

देवाचं नाव वाचवताना

ख्रिस्ती युरोपात सर्वांत मोठा निषेध देवाच्या नावाचा होता. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक हेच सांगते की, देवाचं नाव उगाच घेऊ नये. त्यामुळे तिथली जबर शिवी ही मुळात खोटी किंवा उथळ शपथच होती. देवाची शपथ, देवाच्या रक्ताची शपथ, क्रुसावर झालेल्या जखमांची शपथ. 'गॉड्स वून्ड्स' म्हणजे देवाच्या जखमा. याचंच झिजून 'झाउंड्स' झालं. 'गॉड्स ब्लड'चं 'स्ब्लड' झालं. 'गॉड'चा पुढचा भाग खाल्ला, उरला तो 'स्' एवढाच.

इंग्लंडमध्ये हे प्रकरण कायद्यापर्यंत गेलं. 1606 मध्ये संसदेने नाटकवाल्यांसाठी एक कायदा केला. रंगमंचावर देवाचं, ख्रिस्ताचं नाव थट्टेने किंवा उथळपणे घेतलं, तर दर वेळेला दहा पौंड दंड. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. याचा परिणाम छापील कागदावर दिसतो. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'ची 1622 मध्ये छापलेली प्रत घ्या. नाटक सुरू होताच इयागो 'स्ब्लड' म्हणून तोंड उघडतो. एका वर्षानंतर, 1623 मध्ये छापलेल्या मोठ्या संग्रहात तीच ओळ आहे, पण 'स्ब्लड' नाही. ओळ सरळ 'पण तुम्ही माझं ऐकतच नाही' इथून सुरू होते. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, जे काढून टाकलं ते मूळ शब्द नव्हतंच, ते आधीच मवाळ केलेलं रूप होतं. ऐकणाऱ्याला त्यामागचा देव अजून ऐकू येत होता, म्हणून तेही चालेनासं झालं.

मग आणखी लांब सरकावं लागलं. 'गॉश' आणि 'गॉली' यांत 'गॉड'मधला फक्त 'गॉ' राहिला, मागचा 'ड' गेला. 'डॅम'चं 'डार्न' करताना सुरुवातीचा 'ड' तसाच ठेवला, शेवटाला 'म'च्या जागी 'न' आणला. 'हेल' म्हणजे नरक, त्याचं 'हेक' झालं. 'जीझस'चं 'जी'. या सगळ्यांत एकच हात दिसतो. शब्दाचं डोकं ठेवायचं आणि शेपूट बदलायचं. डोकं राहिल्यामुळे ऐकणाऱ्याला कळतं की काय येणार होतं, आणि शेपूट बदलल्यामुळे बोलणारा म्हणू शकतो की मी तसं काही म्हणालोच नाही.

फ्रेंचांनी उलट केलं. 'पार द्यू' म्हणजे देवाशपथ. यातल्या 'द्यू'च्या जागी त्यांनी 'ब्लू' बसवला आणि 'पारब्लू' म्हणू लागले. 'मोर द्यू' म्हणजे देवाचा मृत्यू, त्याचं 'मोरब्लू' झालं. फ्रेंचमध्ये 'ब्लू'चा अर्थ निळा, पण इथे निळ्या रंगाचा काही संबंध नाही. यमक जुळतं एवढंच त्याचं काम. इंग्रजीत डोकं राहिलं, इथे शेपूट राहिलं.

फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्याच्या तोंडी 'जार्निद्यू' हा शब्द बसला होता. अर्थ होतो 'मी देवाला नाकारतो'. राजाच्या तोंडी हे फारच वाईट. त्याचे धर्मगुरू होते फादर कोतों. त्यांनी सुचवलं की, महाराज, नाकारायचंच असेल तर मला नाकारा, देवाला नको. तेव्हापासून राजा 'जार्निकोतों' म्हणू लागला, आणि तो शब्द पुढे फ्रेंचमध्ये राहिला. मवाळ शिवी कशी चालते हे या गोष्टीतून स्वच्छ दिसतं. शिवीचा साचा, तिची लय, तिचा ठसका सगळं तसंच ठेवलं. बदलला तो फक्त एक शब्द, ज्याच्यामुळे पाप लागत होतं.

आपल्याकडे देव मोकळा, आई बंद

हीच गोष्ट मराठीत घडली नसती, कारण आपल्याकडे देवाचं नाव घ्यायला बंदी नाही. उलट ते जितकं घ्यावं तितकं चांगलं. दार आपटलं तरी 'अरे देवा', दम लागला तरी 'विठ्ठला', बसता-उठता 'राम राम'. सौंदत्तीच्या वाटेवर तर यल्लम्मा देवीच्या नावाचा 'उधो' थांबतच नाही. मुलांची नावंच देवांची ठेवायची, म्हणजे हाक मारतानाही नाव घेतलं जातं. ज्या नावाला बंदी नाही, त्याचं मवाळ रूप करायची गरज पडत नाही. म्हणून 'गॉश'ला जोडीचा असा मराठी शब्द शोधायला गेलं तर देवाच्या बाजूला काही सापडत नाही.

आपली बंद खोली दुसरीकडे आहे. ती घरात आहे, नात्यात आहे, आणि तिच्या मधोमध आई आहे. मराठीतली सर्वांत जबर शिवी आईवरून दिली जाते. म्हणून मवाळ करण्याचा सगळा उद्योगही आईभोवतीच झाला.

तो कसा झाला ते टप्प्याटप्प्याने बघू. मूळ वाक्य पूर्ण असतं तेव्हा त्याला तीन भाग असतात. कुणाच्या, आईला, आणि शेवटी ते क्रियापद. 'त्याच्या आईला' एवढं म्हटलं की दोन भाग झाले. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. इथेच मराठी बोलणाऱ्याची सोय आहे. सगळ्यात घाण शब्द सर्वांत शेवटी येणार, तर तो यायच्या आत थांबायचं. बदलायचं काही नाही, नवीन शब्द शोधायचा नाही, फक्त तोंड मिटायचं. इंग्रजीला हे जमत नाही. तिथे 'डॅम' हे क्रियापद आधी येतं आणि ज्याच्यावर ते पडायचं तो मागून. शेवट कापला तरी घाण भाग बोलून झालेलाच असतो. म्हणून तिथे शब्दाच्या पोटात शिरून 'म'चा 'न' करावा लागतो. मराठीने नुसता वाक्याचा शेवट कापला.

क्रियापद गेलं तरी 'त्याच्या आईला' ऐकायला जडच वाटतं. भरभर बोलताना 'च्या'चा आणि 'आई'चा असे दोन 'आ' जोडले जातात, 'आई'चं 'आय' होतं, आणि तयार होतं 'त्याच्यायला'. आता पुढचा घाव समोरून. 'त्या' गेला, राहिलं 'च्यायला'. हा तुकडा गेला हे फार महत्त्वाचं आहे. 'तुझ्यायला' म्हटलं तर आजही अंगावर येतं, त्यावरून हातघाई होऊ शकते, कारण 'तुझ्या' हा शब्द सरळ समोरच्याकडे बोट दाखवतो. 'च्यायला'मध्ये कुणाकडेच बोट नाही. कुणाच्या आईला, हे सांगणारा शब्दच उरला नाही. म्हणून 'च्यायला' टायर पंक्चर झाल्यावर म्हणता येतं, बस चुकल्यावर म्हणता येतं, स्वतःच्या विसरभोळेपणावरही म्हणता येतं. आणखी एक पाऊल पुढे गेलं की 'च्या'सुद्धा गळतो आणि 'आयला' राहतं. त्यात रागही उरत नाही, बहुतेक वेळा नुसतं नवल असतं.

म्हणजे मालक गेला, क्रिया गेली. राहिली आई आणि तिला चिकटलेले प्रत्यय. 'च्या' हे षष्ठीचं सामान्यरूप, 'ला' हा कर्माचा प्रत्यय. हे प्रत्यय एकटे असताना काही बोलत नाहीत, पण इथे एका गेलेल्या वाक्याचे ते पुरावे आहेत.

घरात या रूपांचे दर्जे ठरलेले असतात, आणि ते कुणी शिकवावे लागत नाहीत. आजोबांसमोर 'तुझ्यायला' म्हणणं शक्यच नाही. 'च्यायला' निसटलं तर डोळे वटारले जातात. 'आयला' बऱ्याच घरांत चालून जातं, काही घरांत तेही नाही. जितके तुकडे कापले गेले तितकी मोकळीक जास्त. मवाळपणा मोजायची याहून चांगली पट्टी मला दिसत नाही.

शेजारच्या भाषेतला तोच घाव

बेळगावात राहणाऱ्याला एक गोष्ट बघायला मिळते, जी पुण्यात किंवा नागपुरात राहून सहज दिसत नाही. शेजारी कन्नड आहे. तीही क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा. आणि तिनेही हुबेहूब हेच केलं आहे.

मार्केट यार्डात ट्रकमधून बटाट्याची पोती उतरवणारे दोन हमाल डोळ्यांसमोर आणा. एक वर फळीवर, एक खाली पाठ वाकवून उभा. पोतं खांद्यावर घेता घेता शिवण उसवते आणि बटाटे चारी बाजूंना घरंगळतात. वरचा ओरडतो, 'अवनौन!' खालचा त्याच क्षणी, 'च्यायला!' मग खालचा म्हणतो, 'सुतळी कच्ची हाय म्हणून मी मघाशीच सांगितलो न्हवं?' दोघेही बटाटे गोळा करायला लागतात. एक कन्नड बोलणारा, एक मराठी, आणि दोघांनी त्या क्षणी जे म्हटलं ते व्याकरणाने जवळजवळ एकच आहे.

'अवनौन' उलगडून बघा. कन्नडमध्ये 'अवन' म्हणजे त्याच्या किंवा त्याचा. उत्तर कर्नाटकात आईला 'अव्व' म्हणतात. तिला षष्ठीचा प्रत्यय लागला की 'अव्वन', आईचा, आईची. 'अवन अव्वन' भरभर म्हटलं की 'अवनौन'. त्याच्या आईची... आणि पुढे काही नाही. पुढचा शब्द गिळलेला. मराठीत 'ला' उरला, कन्नडमध्ये 'न' उरला. दोन्ही ठिकाणी नात्याचं नाव राहिलं, प्रत्यय राहिला आणि घाण गेली. समोरच्याला उद्देशून म्हणायचं तर 'निन्नौन', तुझ्या आईची. आणि 'तुझ्यायला'सारखंच तेही थेट समोरच्यावर येतं, तर 'अवनौन' हवेत सोडून देता येतं. हिंदीतही हाच प्रकार आहे. 'तेरी तो...' म्हणून माणूस थांबतो, आणि 'ओ तेरी!' हे तर आता कौतुकाचंसुद्धा झालं आहे.

मराठी आणि हिंदी एका कुळातल्या, कन्नड वेगळ्या कुळातली. तरी तिघींना एकच युक्ती सुचली, याचं कारण मला वाक्यरचनेत दिसतं. जिथे घाण शब्द शेवटी येतो आणि त्याच्या आधीचे प्रत्ययच सगळं सुचवून जातात, तिथे न बोलता बोलणं सोपं पडतं. प्रत्ययामुळे ऐकणाऱ्याला कळतं की वाक्य अपुरं आहे, आणि ते तो मनातल्या मनात पुरं करतो. अपुरं ठेवण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची, पुरं करण्याची ऐकणाऱ्याची. शिवी दिली कुणी, हे मग सांगता येत नाही.

भेंडी, कोबी आणि बुधवार

कापण्याखेरीज आपल्याकडे दुसरी रीतही आहे, आणि ती इंग्रजी 'डार्न'च्या जवळची आहे. 'आईच्या गावात!' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. यातल्या 'गा'पर्यंत सगळं मूळ शिवीच्या रुळावरून येतं. 'गा' म्हटल्यावर सांधा बदलतो आणि गाडी 'वात'च्या रुळावर जाते. जो शब्द येणार होता तोही 'गा'नेच सुरू होतो, तो काय ते वाचकाला सांगायला नको. 'गाव' निवडलं गेलं ते केवळ त्या पहिल्या अक्षरासाठी. तिथे 'शहर' म्हणून चाललं नसतं, 'खेडं' म्हणूनही नाही.

महाविद्यालयातल्या पोरांच्या तोंडी असणारं 'भेंडी' हे याच जातीचं. बहिणीवरून दिली जाणारी हिंदी शिवी 'भेन'ने सुरू होते. तो आवाज सुरू केला आणि मध्येच भाजीकडे वळले. याला इटालियनमध्ये एक जोड आहे, इतकी चपखल की मला ती वाचताना फार आनंद झाला होता. इटालियन माणूस वैतागला की 'कावोलो' म्हणतो. कावोलो म्हणजे कोबी. तिथला एक अश्लील शब्द 'का'ने सुरू होतो, म्हणून त्याच्या जागी 'का'चीच एक भाजी आणली. आपण भेंडी घेतली, त्यांनी कोबी घेतला. रशियन लोक 'ब्लिन' म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडचं धिरडं, कारण मूळ शिवी 'ब्ल'ने सुरू होते. पोलिश लोक 'कुर्चे' म्हणतात, म्हणजे कोंबडीचं पिल्लू. स्पॅनिशमध्ये विष्ठेच्या शब्दाऐवजी 'मिएर्कोलेस' म्हणतात आणि फ्रेंचमध्ये 'मेर्क्रेदी'. दोन्हींचा अर्थ बुधवार. बुधवारानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. दोन्ही भाषांत विष्ठेचा शब्द आणि बुधवार एकाच आवाजाने सुरू होतात, एवढाच त्याचा दोष.

भाजी, खाणं, वार, पिल्लू. शब्द जितका निरुपद्रवी तितका तो या कामाला चांगला, कारण कुणी हटकलंच तर 'भेंडी म्हटलं, भेंडी' असं सांगता येतं.

तिसरी रीत साच्याची. 'तुझ्या नानाची टांग' घ्या. 'तुझ्या' आहे, नातं आहे, 'ची' आहे, आणि पुढे नामही आहे. सगळा साचा शिवीचा. फक्त आईच्या जागी नाना आले आणि अवयवाच्या जागी टांग आली. 'तुझ्या बैलाला'मध्ये आईच्या जागी बैल आला, 'ला' मात्र जिथल्या तिथे. फादर कोतोंनी राजाला जे सुचवलं तेच हे. साचा ठेवा, आतला माल बदला. आवाजाशी इथे काही देणंघेणं नाही. 'आई' आणि 'बैल' यांत एकही आवाज सारखा नाही, तरी कान ओळखतो, कारण तो लय ओळखतो.

कुठली मवाळ शिवी, कुठली नव्हे

हे कळल्यावर माणसाला प्रत्येक उद्गारात शिवी दिसायला लागते, आणि तिथे चूक होते. 'आई गं', 'बापरे', 'अगं बाई' यांत आई आहे, बाप आहे, म्हणून त्या मवाळ शिव्या ठरत नाहीत. प्रत्यय बघा. 'आई गं'मध्ये संबोधन आहे. लागलं, दुखलं, म्हणून आईला हाक मारली. वाक्य पुरं आहे, त्यातून काही गळलेलं नाही. 'बापरे' तसंच. 'आईशप्पथ' ही खरोखरची शपथ आहे, आईच्या नावाने खरं बोलतो असं सांगणारी. ती जड आहे, पण मवाळ केलेली नाही. 'आई गं' आणि 'आयला' यांची सुरुवात एक, पण 'गं' आणि 'ला' यांच्यात सगळा फरक आहे.

म्हणून तपासताना मी तीन गोष्टी बघतो. जबर शब्द जिथे बसतो त्याच जागी हा शब्द बसतो का? त्या जागी त्याचा शब्दशः अर्थ घेतला तर वाक्य निरर्थक होतं का? (पाऊस पडताना कुणाच्या गावात काय, आणि भेंडीचा काय संबंध?) आणि मूळ शब्दाचा आवाज, प्रत्यय किंवा साचा यांपैकी काहीतरी उरलं आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर बहुतेक मवाळ शिवीच. तरी कथा रचण्याचा मोह आवरावा लागतो. इंग्रजीतल्या 'ब्लडी'बद्दल लोक सांगतात की, तो 'बाय अवर लेडी', म्हणजे माता मेरीची शपथ, याचं झिजलेलं रूप आहे. ऐकायला छान वाटतं, पण शब्दाच्या जुन्या वापराशी ते जुळत नाही, आणि भाषेचे अभ्यासक ते मानत नाहीत. 'ब्लडी' हे रक्तापासूनच आलेलं विशेषण आहे.

उलटी चूकही होते. मवाळ रूप इतकं झिजतं की मूळ कुणाला आठवतच नाही. 'शिंच्या' हा शब्द अनेक सुशिक्षित घरांत नातवाला लाडाने म्हटला जायचा. तो 'शिंदळीच्या'चा संक्षेप आहे, म्हणजे व्यभिचारी बाईच्या पोटच्या. म्हणणाऱ्या आजोबांच्या मनात हा अर्थ नव्हता, ऐकणाऱ्या नातवाच्याही नव्हता. इंग्रजी 'जी' म्हणणाऱ्या मुलालाही आपण येशूचं नाव अर्धवट घेतोय याचा पत्ता नसतो. अशा वेळी तो शब्द मवाळ शिवी राहतो का? माझ्या मते नाही. ऐकणाऱ्याने वाक्य मनात पुरं करणं हा तिचा अर्धा भाग आहे. ते थांबलं की उरतो तो साधा उद्गार.

ताकद कुठे असते

एक प्रश्न राहतो. सगळ्यांना कळतंच आहे की 'डार्न' म्हणजे काय, तर मग 'डॅम' म्हणण्यात आणि 'डार्न' म्हणण्यात खरोखर फरक आहे का? यावर ब्रिटनमध्ये प्रयोग झाले आहेत. ब्रिस्टल विद्यापीठात 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना शिव्या आणि त्यांची सौम्य रूपं मोठ्याने वाचायला लावली आणि त्वचेला किती घाम सुटतो ते विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहाने मोजलं. घाबरल्यावर, ताण आल्यावर हे मोजमाप वाढतं. खरी शिवी वाचताना ते सौम्य रूपापेक्षा जास्त निघालं. अर्थ दोन्हींचा एकच, पण शरीराला तो आवाज वेगळा लागतो.

दुसरा अभ्यास 2020 चा, कील विद्यापीठातला. बर्फासारख्या पाण्यात हात बुडवून शिवी देत राहिलं तर माणूस जास्त वेळ कळ सोसतो, हे तिथल्या संशोधकांनी आधीच दाखवलं होतं. या वेळी त्यांनी 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' असे दोन नवे, शिवीसारखे वाटणारे शब्द तयार केले. लोकांना ते गमतीचे वाटले, पण दुखणं सोसायला त्यांचा उपयोग झाला नाही. खऱ्या शिवीचा झाला. शब्दाची ताकद त्याच्या आवाजातल्या ठसक्यात असती तर नवा शब्दही चालला असता. लहानपणापासून 'असं बोलायचं नाही' म्हणून पाठीत धपाटे खाल्ले, हे त्या नव्या शब्दांजवळ नव्हतं.

दुभाषी माणसाच्या बाबतीत याचा एक सरळ परिणाम होतो. अनेक भाषा बोलणाऱ्या लोकांना विचारून झालेल्या अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे की, शिवी सर्वांत जड लागते ती पहिल्या भाषेतली. नंतर शिकलेल्या भाषेतली हलकी वाटते, तिचा अर्थ पुरता माहीत असला तरी. सीमाभागात हे रोजच्या व्यवहारात उतरतं. मराठी घरातला मुलगा आईसमोर 'च्यायला' म्हणणार नाही, पण 'अवनौन' सहज म्हणून जातो, आणि त्या आईलाही ते फारसं खटकत नाही. कन्नड घरातल्या त्याच्या मित्राचं उलट असतं. तो 'च्यायला' बिनदिक्कत वापरतो आणि 'अवनौन' घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवतो. दोघांनाही वाटतं की, आपण सौम्य शब्द निवडला. अडचण येते ती मित्राच्या घरी गेल्यावर. तिथे तोच शब्द त्या घरच्या आजीच्या कानावर पूर्ण वजनाने पडतो, कारण गिळलेलं क्रियापद तिला माहीत असतं आणि ती ते वाक्य मनात पुरं करते. 'अवनौन' म्हणणाऱ्या मराठी पोराला ते पुरं करता येत नसतं, पुढे कुठला शब्द होता हे त्याला कधी कुणी सांगितलेलंच नसतं.